मिरचीच्या प्रो ट्रेमधले कप्पे रिकामे का राहिले?

प्रश्न: मिरचीच्या ट्रेचे वरून काढलेले फोटो टाकलेत. उगवण कुठं आहे, कुठं नाही. वरची माती कडक झालीय, बरीच रोपं गायब आहेत. बियाणं बोगस समजायचं का?

उत्तर:

तीन वर्षांपूर्वी असेच फोटो मोबाइलवर घेऊन मी बियाण्याच्या दुकानात भांडायला गेलो होतो, म्हणून लिहितोय. त्या दिवशी माझी जी शोभा झाली ती तुमची होऊ नये.

आमचं गाव सिल्लोडकडचं. उन्हाळी मिरचीसाठी मार्चअखेर शेडनेटमध्ये ट्रे भरले होते, ९८ कप्प्यांचे. कोकोपीटमध्ये काय भरायचं यावरून थोरले चुलत भाऊ अण्णा आणि मी यांची जुनी जुंपलेली. त्यांचं म्हणणं, नुसत्या नारळाच्या भुशात रोप पोसत नाही, निम्मी आपली काळी माती घाल. माझं म्हणणं, काळी माती शेतात सोनं, ट्रेमध्ये सिमेंट. पण कोकोपीट कमी पडलं, अण्णांचं ऐकलं. लावून सहा दिवस थप्पी काळ्या प्लॅस्टिकखाली ठेवली, पहिल्या माना दिसल्यावर ट्रे मोकळे मांडले. बाराव्या दिवशी बघतो तर ट्रे टक्कल पडल्यासारखे. अण्णा म्हणाले, ‘बी बोगस.’ मी फोटो काढले आणि गाडीला किक मारली.

दुकानदार काकांनी फोटो बघितला, भांडले नाहीत. कागदावर ट्रेचं चित्र काढून मला म्हणाले, ‘रिकामे कप्पे कडेचे वेगळे मोज, आतले वेगळे मोज.’ ट्रे ७ बाय १४ चा. म्हणजे कडेचे कप्पे ३८, आतले ६०. माझे रिकामे होते २७. त्यातले कडेचे २१ आणि आतले फक्त ६. काका म्हणाले, ‘बी कच्चं असेल तर त्याला कड कुठली आणि मध्य कुठला हे कळत नाही.’ बियाण्यातच दोष असता तर २७ कप्पे सगळीकडं सारखे विखुरले असते, कडेला दहा-अकरा, आत सोळा-सतरा. आत तर ६० पैकी ५४ उगवले होते, म्हणजे ९० टक्के. वर आणखी एक चपराक: मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला किमान उगवण ६० टक्के धरतात. अख्ख्या ट्रेचा हिशेब केला तरी माझी ७२ च्या वर होती. कुठल्या तोंडानं तक्रार करणार होतो?

घरी येऊन ते २१ कप्पे आगकाडीच्या टोकानं हळूच उकरले. हे तुम्ही आजच करा, फोटोपेक्षा हे जास्त बोलतं. चौदा कप्प्यांत खपलीखाली पांढरट-पिवळी मान आकड्यासारखी वाकून अडकलेली होती. बी उगवलं होतं, बाहेर यायला वाट नव्हती. चार कप्प्यांत बी फुगून वाळलेलं. तिघांत काहीच नाही; मुंग्यांनी नेलं की लावायचंच राहिलं, देव जाणे. आतल्या सहापैकी एकाच्या शेजारच्या कप्प्यात दोन रोपं निघाली. तो दोष बियाण्याचा नव्हे, लावणाऱ्या बोटांचा (बोटं माझीच होती).

झालं काय ते तेव्हा कळलं. झारीचे थेंब वरून पडले की काळ्या मातीचे बारीक कण दबून एकमेकांत बसतात. वाळले की वर चकाकणारा पापुद्रा धरतो आणि मातीला बारीक भेगा जातात. एप्रिलच्या वाऱ्यात कडेचे कप्पे सगळ्यात आधी सुकतात, म्हणून खपली तिथं आधी. मिरची सावकाश उगवते, थप्पी मोडली तेव्हा निम्म्याहून अधिक बी अजून आतच होतं. ते नेमकं या दोन-तीन दिवसांत सापडलं. टोमॅटो असता तर चार-पाच दिवसांत उठून बसला असता, कदाचित निभावलाही असता.

आता तुमचे फोटो. एका फोटोत खपली तपकिरी आणि तडकलेली दिसते, ती मातीचीच. पांढरी पूड दिसली असती तर विहिरीच्या क्षारांचा किंवा न धुतलेल्या कोकोपीटचा संशय घेतला असता. हिरवट चिकट थर असता तर पाणी जास्त. पण तुमच्या दोन फोटोंवर शेडनेटचा हिरवा रंगच एवढा चढलाय की पांढरं कुठलं, हिरवं कुठलं सांगता येत नाही. सकाळी ट्रे सावलीत आणून, मोबाइल बरोबर वर धरून, चारही कडा फोटोत घेऊन काढा. एका कोपऱ्यात काडी टोचा म्हणजे कुठली बाजू कुठं होती ते कळेल. मी ते केलं नव्हतं, त्यामुळं पश्चिमेची कड जास्त गेली होती की वाटेकडची यावर अण्णांशी आणखी दोन दिवस वाद झाला. आणि फोटो दोन दली पानं असतानाच काढा. वीस-बावीस दिवसांनी शेजारची रोपं वाकून रिकामे कप्पे झाकतात, वरून ट्रे भरलेला दिसतो.

वरून काढलेल्या फोटोत ‘उगवलंच नाही’ आणि ‘उगवून मेलं’ यात फरक दिसत नाही. दोन्हीकडं कप्पा रिकामाच. काल जिथं रोप होतं तिथं आज नसेल, बुडाशी बारीक झालेलं खोड आडवं पडलं असेल, तर ती मर आहे आणि ती एका जागेपासून गोल पसरत जाते. त्यावर पाणी वाढवलं तर उरलेलीही जातील. म्हणून उकरल्याशिवाय माझा खालचा उपाय करू नका.

वाकलेल्या माना सापडल्या तर झारी बाजूला ठेवा. पंपाच्या बारीक फवाऱ्यानं दिवसातून तीन-चार वेळा फक्त वरचा थर ओला करा आणि खपली आगकाडीनं मोडा. माझ्या चौदापैकी नऊ वर आली, पाच मानेत मोडली, घाई माझी. नांग्या भरायच्या तर रोप दोन दली असतानाच, संध्याकाळी, दुसऱ्या ट्रेमधून उचलून. रिकाम्या कप्प्यात नवं बी टाकू नका, ते पुढं लागवडीला मागंच राहतं.

आतल्या कप्प्यांतही निम्मे रिकामे असतील आणि उकरल्यावर बी जसंच्या तसं निघत असेल, तर मात्र बियाण्यावर संशय घ्या. पिशवी, लेबल, पावती आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी द्या. तुमच्या एकाच ट्रेवरून मी एवढंच सांगू शकतो.

पुढच्या वर्षी मी दहा ट्रे अण्णांच्या मिश्रणाचे आणि दहा नुसत्या धुतलेल्या कोकोपीटचे एकाच ओळीत, एकाच पाण्यावर ठेवले. कोकोपीटच्या ट्रेत कडेचे रिकामे कप्पे बोटांवर मोजण्याएवढे. अण्णा म्हणाले, ‘यंदा वारा कमी होता.’ दोन्ही ओळींना वारा तोच होता, अण्णा. ते हे वाचणार नाहीत, पण त्यांचा मुलगा इथं असतो, त्यानं वाचून दाखवावं.