माहेश्वरी हातमागाची की यंत्रमागाची: काठ आणि पदर पाहून कसं ओळखायचं

प्रश्न: इंदूरमध्ये ‘हँडलूम माहेश्वरी सिल्क’ म्हणून बाराशेपासून आठ हजारांपर्यंत साड्या दिसतात. खरी हातमागाची कशी ओळखायची? आणि विणकरांच्या संस्थेकडून थेट घ्यायची असेल तर कुठे जाऊ?

उत्तर:

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. धागा रेशमाचा आहे का, हा एक प्रश्न. साडी हातमागावर विणली आहे का, हा दुसरा. दुकानात या दोन्हींचं उत्तर ‘प्युअर आहे हो’ असं एकाच वाक्यात मिळतं आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं. शुद्ध रेशीम यंत्रमागावरही विणता येतं. म्हणून सिल्क मार्कचं लेबल पाहून साडी हातमागाची समजू नका, ते फक्त धाग्याबद्दल बोलतं. मागाबद्दल बोलतं ते हँडलूम मार्कचं लेबल, जे २००६ साली सुरू झालं.

माहेश्वरीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नेहमीची माहेश्वरी मुळात पूर्ण रेशमी नसते. तिचा ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, बारीक सुताचा. रेशीम-रेशीम माहेश्वरीही विणतात, पण ती वेगळी आणि महाग. त्यामुळे धागा जाळून पाहणार असाल तर दोन्ही दिशांचे धागे काढा. साडीच्या कापलेल्या टोकाला जे धागे सुटे लोंबतात तो ताणा. तो जळताना केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली गेली, तर रेशीम. टोकाला कडक मणी तयार झाला, तर पॉलिएस्टर. बाण्याचा धागा कागदासारखा जळून करडी, मऊ राख झाली तर ते सूत आहे, आणि ‘रेशीम-सुती’ म्हणून विकलेल्या माहेश्वरीत ते असायलाच हवं. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. भांडायचं ते ताण्यात मणी निघाला तर.

आता मागाकडे येऊ. नेटवर सगळीकडे एकच सल्ला वाचायला मिळतो: साडी उलटी करा, बुट्ट्यांच्या मागे कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची. चंदेरीला तो बराचसा लागू पडतो, कारण तिथे प्रत्येक बुट्टीसाठी वेगळी छोटी कांडी हाताने फिरवतात, म्हणून मागची बाजू स्वच्छ राहते. पण माहेश्वरीचं अंग बहुधा साधं, रेघांचं किंवा चौकड्यांचं असतं. बुट्टीच नाही, तर मागे पाहणार काय? काठाची नक्षीही डॉबीवर, म्हणजे मागाच्या वर बसवलेल्या नक्षी काढणाऱ्या साधनावर होते, आणि डॉबी यंत्रमागालाही बसते. म्हणजे काठाची नक्षी कितीही सुबक असली तरी ती माग कोणता ते सांगत नाही. उलट-सुलट पाहण्याचा फायदा एवढाच की छापील नक्कल लगेच पकडता येते. खऱ्या माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणलेला असतो. छापलेल्या काठाचा रंग मागे फिका पडतो.

मी तीन जागा पाहते आणि तिन्ही मिळून काय सांगतात यावर ठरवते.

पहिली जागा म्हणजे साडीची अगदी कडेची किनार. विणताना कापड आत ओढलं जाऊन अरुंद होऊ नये म्हणून विणकर दोन्ही टोकांना सुया असलेली एक काडी कापडावर ताणून बसवतो. थोडं विणून झालं की ती काढून पुढे सरकवतो. त्या सुयांची बारीक भोकं किनारीजवळ थांबून-थांबून, थोड्या-थोड्या अंतराने दिसतात. यंत्रमागावर हेच काम फिरत्या काटेरी चकत्या करतात, त्यामुळे तिथली भोकं एका ओळीत सलग, सारख्या अंतरावर येतात. नुसती भोकं दिसली म्हणून खूश होऊ नका, त्यांचा क्रम बघा. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या साडीत भोकं बुजतात, तेव्हा ही खूण मिळाली नाही तर तेवढ्यावरून साडी नाकारू नका. किनार पाहतानाच बाण्याचा धागा कडेला वळून परत येतो का तेही बघा. तो कापलेला, झालरीसारखा दिसत असेल तर साडी हातमागाची नाही. वळून येत असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडच्या साध्या यंत्रमागांतही बाणा इकडून तिकडे नेणारा धोटा असतोच.

दुसरी जागा साडीचं अंग. हातमागावर प्रत्येक बाणा हाताने ठोकला जातो. माणूस सकाळी बसतो, जेवायला उठतो, दुसऱ्या दिवशी परत बसतो, आणि हात प्रत्येक वेळी एकाच जोराने पडत नाही. साडी खिडकीसमोर उजेडात धरली की कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ आडवे पट्टे दिसतात. डोळ्यांवर विश्वास नसेल तर धागे मोजायचं छोटं भिंग आणा. एका इंचात आडवे धागे किती ते पदराजवळ, मधे आणि आतल्या टोकाला मोजा. हातमागाच्या साडीत तिन्ही आकडे थोडे वेगवेगळे येतात.

तिसरी जागा पदर. माहेश्वरीच्या पदरावरचे पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही तिची जुनी ओळख. रंग बदलताना विणकर धोटा बदलतो आणि नव्या धाग्याचं टोक कडेला थोडं आत परतवतो. त्यामुळे पट्टा जिथे सुरू होतो तिथे किनारीला बोटभर लांबी दुहेरी धागा सापडतो. पट्ट्यांची रुंदीही टेपने मोजली तर अगदी तंतोतंत नसते.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी घरी दोन साड्या बघायला आल्या होत्या. दोन्ही राखाडी अंगाच्या, दोन्हींना विटांची नक्षी असलेला काठ, दोन्हींवर ‘हँडलूम’ची चिठ्ठी. एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ तिप्पट. स्वस्त साडी हाताला जास्त गुळगुळीत लागत होती, म्हणून वहिनींना तीच आवडली होती. तीन ठिकाणी भिंग ठेवलं तर तिच्यात तिन्हीकडे आडवे धागे अगदी तेवढेच, साठला साठ. महाग साडीत पदराजवळ ६४, मधे ५९, आतल्या टोकाला ६१. स्वस्तीच्या कडेची भोकं एका ओळीत होती आणि पदरावर परतवलेलं टोक एकही नव्हतं. ताण्याचा धागा जाळला तर तो मात्र रेशमाचाच निघाला! म्हणजे साडी खोटी नव्हती. चिठ्ठी खोटी होती. यंत्रमागाची रेशीम-सुती साडी म्हणून ती त्या किमतीला ठीकच असती.

एक इशारा. मुरलेल्या विणकराचं काम इतकं सारखं असतं की धाग्यांच्या मोजणीत फरक एखाद-दोनचाच निघतो. शिवाय काही यंत्रमागवाले मुद्दाम गाठी आणि जाड-बारीक धागा घालून ‘हाताचा’ भास आणतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. आणि किंमत विसरू नका. साधी माहेश्वरी विणायलाच दोन-तीन दिवस लागतात, ताणा लावणं आणि रंगाई वेगळी. रेशमाचा भाव आणि ही मजुरी धरली तर बाराशेची साडी हातमागाची असणं जमतच नाही.

आता कुठे जायचं ते. तुम्ही इंदूरला आहात, या साड्या जिथे विणतात ते महेश्वर साधारण नव्वद किलोमीटरवर. महूवरून जाम गेटचा रस्ता धरा किंवा धामणोदवरून जा, एका दिवसात जाऊन येता येतं. किल्ल्यात रेहवा सोसायटी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ती सुरू केली, तिथे बहुतेक विणकर बायका आहेत आणि माग चालू असताना बघता येतात. सॅली होळकरांनीच पुढे विमेनवीव्ह ही संस्था उभी केली, तिचं काम मुख्यतः सुती खादीचं. या दोन्ही काटेकोर अर्थाने सहकारी संस्था नाहीत, पण साडी कोणत्या मागावरून आली ते इथे कळतं.

विणकरांच्या सहकारी समित्या आणि घरी माग असलेली कुटुंबं गावाच्या गल्ल्यांत आहेत. त्यांचे पत्ते विचारायला इंदूरचं विणकर सेवा केंद्र, म्हणजे वीव्हर्स सर्व्हिस सेंटर, ही चांगली जागा. ते केंद्र सरकारचं कार्यालय आहे आणि त्यांचा विणकरांशी रोजचा संबंध असतो. जाणं शक्य नसेल तर वस्त्र मंत्रालयाचं indiahandmade.com बघा, तिथे विणकर आणि त्यांच्या संस्था स्वतः माल मांडतात. राज्य सरकारच्या मृगनयनी दुकानातून घेणं म्हणजे थेट विणकराकडून घेणं नव्हे, पण पावती आणि जबाबदारी दोन्ही मिळतात.

गावात गेल्यावर समोर माग मांडला आहे म्हणून दुकान विणकराचं समजू नका. काही ठिकाणी माग नुसता दाखवायला असतो आणि माल बाहेरून आलेला असतो. मागावर आत्ता काय चाललंय ते बघा आणि तसाच काठ कपाटातल्या साड्यांत आहे का ते शोधा. एकदा लावलेल्या ताण्यावर अनेक साड्या निघतात. काठाचे धागे ताण्यातच असल्याने काठ तोच राहतो, विणकर फक्त बाण्याचा रंग बदलतो. म्हणून खऱ्या विणकराकडे एकच काठ आणि वेगवेगळ्या छटांचं अंग अशा सख्ख्या बहिणी शोभतील अशा साड्या एकत्र सापडतात. याच कारणाने तुम्हाला ऑर्डर द्यायची असेल तर लागलेल्या ताण्यावर बाण्याचा रंग निवडून द्या, तेवढं ते आनंदाने करतात. एकाच साडीसाठी काठही हवा तसा मागितला तर अख्खा ताणा नव्याने लावावा लागतो. तेव्हा ‘हवा तो काठ, हवा तो रंग, एकच साडी, परवा देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून घेऊ नका.

समितीकडून घेताना बिल समितीच्या नावाचं आणि नोंदणी क्रमांकासह मागा, त्यावर ‘हातमाग’ आणि ताणा-बाणा कशाचा आहे ते लिहून घ्या. विणकराकडे पहचान कार्ड असतं, नम्रपणे विचारलं तर दाखवतात. हँडलूम मार्कचं लेबल साडीला नीट शिवलेलं आहे ना ते पाहा. सुटं, पिनेने अडकवलेलं लेबल कोणत्याही साडीला अडकवता येतं, ते धरू नका.