पावत्या वडिलांच्या नावावर, सोनं सासूच्या कपाटात

“ताई, माहेरी येऊन दोन वर्षं झाली. सोनं सासूकडंच आहे, पावत्या माझ्या वडिलांच्या नावावर. फारकतीच्या बाँडवर आधी सही कर, मग सोनं देऊ, असं म्हणतात. माझं हाती लागंल का?”

अंबाजोगाईची ही मुलगी वडिलांना घेऊन आली होती. बाँडचा कच्चा कागद वाचताना एका ओळीवर मी थांबले: ‘सर्व दागिने व सामान मिळाले, आता कसलाही हक्क राहिला नाही.’ हातात गुंजभर सोनं नसताना या ओळीखाली सही करायची नाही, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. बैठकीतली माणसं घाई करतात आणि नंतर तोच कागद कोर्टात बाईच्या विरोधात दाखवला जातो.

पावती कुणाच्या नावावर फाडली, यावर मालकी ठरत नाही. लग्नात मुलीला दिलेलं सोनं तिचं स्त्रीधन असतं. सासूनं ते जपून ठेवलं तरी ते सासूचं होत नाही. वडील साक्षीदार व्हावेत, मागणी मात्र मुलीनं स्वतःच्या नावानं करावी. मुलीनं अधिकार दिल्याशिवाय बापाला तिचं स्त्रीधन मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग आम्ही लग्नाचा अल्बम उघडून यादी करायला बसलो. वस्तू, वजन, कुणी दिली, शेवटी कुणाच्या हाती दिली. गंठण आणि झुंबरं फोटोत स्पष्ट दिसत होती. सराफाच्या जुन्या वहीत वजनंही सापडली. वडील नवरदेवाची अंगठीही धरत होते. मी ती काढायला लावली, कारण ती जावयाला दिलेली होती. फुगवलेली यादी उलटतपासणीत पडते आणि खऱ्या वस्तूंवरही संशय येतो.

पाटल्यांचं कोडं वेगळं होतं. बोअर घ्यायला नवऱ्यानं त्या गहाण ठेवल्या होत्या, तिच्याच संमतीनं. “मी हो म्हणलं होतं, आता कसं मागू?” ती रडायला लागली. अडचणीला सोनं वापरू दिलं म्हणून ते दान होत नाही, नवऱ्यानं ते परत करायचं असतं. तिच्या मोबाइलमध्ये गहाणाच्या पावतीचा फोटो होता. पाटल्या नवऱ्याच्या ताब्यात होत्या, याचा तोच सगळ्यात पक्का पुरावा ठरला.

विधी सेवा समितीकडून तिला मोफत वकील मिळाला. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज अंबाजोगाईतच दिला, कारण ती राहते तिथल्या कोर्टात तो चालतो. त्यातच कलम १८ खाली दागिने विकायला मनाई आणि कलम १९(८) खाली ते परत देण्याचा आदेश मागितला. नवऱ्याच्या वकिलानं मुदत संपल्याचा मुद्दा काढला. पण स्त्रीधन अडवून ठेवणं हा चालू राहणारा गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलं आहे.

शेवटी तडजोड झाली. पाटल्या सोडवून आणल्या, गंठण आणि झुंबरंही आली. सराफाच्या काट्यावर प्रत्येक वस्तूचं वजन झालं, आकडे पोचपावतीत लिहिले. गंठण वहीतल्यापेक्षा हलकं भरलं. तो फरकही तिनं लिहून घ्यायला लावला आणि मगच पेन हातात घेतला.