सिम्युलेशनआधी वेळापत्रक मोकळं करा

प्रकल्पाच्या वेळापत्रकावर पहिल्यांदाच माँटे कार्लो चालवताय, म्हणजे कामांचे दिवस दर फेरीला बदलून शेवटची तारीख हजारदा काढून बघताय, तर आधी वेळापत्रकातली 'अमुक तारखेलाच सुरू' अशी बंधनं काढा आणि प्रत्येक काम मागच्या-पुढच्याशी जोडा. नाहीतर हजार फेऱ्या मारूनही शेवटची तारीख जागची हलत नाही आणि आलेखात एकच उभी काठी दिसते.

मग प्रत्येक कामाचे तीन आकडे घ्या: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. सरसकट ±१०% नको. प्लास्टरला ८, १०, १८ दिवस असंच होतं; उशिराची बाजू लांब असते.

निकाल बघून दचकाल. वायरिंग आणि प्लंबिंग, दोन्ही ३० तारखेपर्यंत संपण्याची शक्यता प्रत्येकी ५०% आणि फॉल्स सीलिंगला दोन्ही हवीत, तर सीलिंग वेळेवर सुरू होण्याची शक्यता २५%च. हे गणित दोन्ही कामं स्वतंत्र असतील तरच. एकच ठेकेदार असेल तर बदलतं. पण ते नंतर बघू.