विक्री सांभाळणारा पार्टनर कसा शोधायचा?

प्रश्न: सत्तरीत आमची कोकमची झाडं आहेत. घरी आगळ आणि सरबत बनवून ओळखीच्यांना विकतो. आता हे मोठं करायचंय. बनवणं मला जमतं, विकणं जमत नाही. विक्री सांभाळणारा पार्टनर हवा, पण ओळखीत कोणी नाही. असा माणूस गोव्यात कुठे शोधायचा आणि तो टिकेल हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर: मी डिचोली तालुक्यात काजूगर तयार करतो. तुमच्यासारखंच माझंही होतं. कारखान्यात मी आरामात असायचो, पण दुकानदाराच्या गल्ल्यासमोर उभं राहिलं की बोलणं सुचायचं नाही. आज विक्री माझी भागीदार सांभाळते. ती कशी सापडली त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

शोध दुकानदारांपासून सुरू करा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजी, मडगाव, फोंडा, जिथे तुमचा माल शोभेल अशा दुकानांत जा आणि मालकाला एवढंच विचारा: "तुमच्याकडे येणाऱ्या सेल्समनपैकी कोण आला की तुम्ही हातातलं काम ठेवून बोलता?" दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. ही माणसं बहुतेक कुठल्यातरी वितरकाकडे नोकरी करत असतात, बिस्किटं, औषधं, साबण घेऊन रोज दुकानं फिरत असतात. पावसात कुठल्या रस्त्याला गाडी जात नाही, कुठला दुकानदार पैसे कधी देतो, हे त्यांना पाठ असतं. फातोर्ड्यात डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजचं फायर, वेर्ण्याला सीबा अशी नव्या धंद्यांना हात देणारी इन्क्युबेशन केंद्रं आहेत, साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. तिथेही जरूर जा, हुशार मुलं भेटतात. पण उधारी वसूल केलेला माणूस मला दुकानांच्या वाटेनेच सापडला.

भेटी भरपूर करा आणि छोट्या ठेवा. चहाच्या टेबलावर तुमची कल्पना समजावण्यात वेळ घालवू नका. त्याचं शेवटचं काम का सुटलं, जुन्या मालकाशी आज बोलणं आहे का, एखाद्या दुकानात पैसे अडकले तेव्हा नेमकं काय केलं, हे विचारा. तपशिलात उत्तर आलं की तो माणूस खरंच त्या कामात होता हे समजतं. बरा वाटला तर पुढची भेट चहाची नको. एक सकाळ बरोबर दुकानं फिरा. तो दुकानात शिरताना काय बघतो आणि नकार मिळाल्यावर गाडीत काय बोलतो, यावरून बरंच समजतं. बहुतेक जण इथेच गळतात. कोणी वाईट म्हणून नाही, त्यांना किंवा तुम्हाला ते काम आवडत नाही म्हणून.

उरलेल्या एक-दोघांबरोबर छोटं काम करा. माझं काम असं होतं: चाळीस किलो 320 नंबरचे काजूगर, अडीचशे ग्रॅमची 160 पाकिटं, दुकानदाराला भाव 240 रुपये, म्हणजे एकूण 38,400 रुपयांचा माल. मुदत सहा आठवडे. कमिशन दहा टक्के, पण माल विकल्यावर नाही, पैसे हातात आल्यावर. पेट्रोल वेगळं, त्याच दिवशी वहीत लिहिलं तर. माल एवढाच ठेवला, कारण सगळा बुडाला तरी माझा हंगाम बुडणार नव्हता. आणि मुदत आधीच ठरवली, कारण आपल्याकडे दोन गावं सोडली की कोणीतरी कोणाचा पाव्हणा निघतो. "आता नको" म्हणणं जड जातं. शेवटची तारीख कागदावर असली की कोणालाच कोणाला काढावं लागत नाही.

चवथीच्या आधी एका गृहस्थांबरोबर हे काम केलं. हॉटेलवाल्यांत त्यांची मोठी ओळख. पहिल्याच आठवड्यात शंभर पाकिटं एका दुकानात गेली. पण ती "विकल्यावर पैसे द्या" या बोलीवर, आणि मला ते दुकानदाराकडून कळलं. पेट्रोलचा हिशेब मुदत संपल्यावर एका आकड्यात आला. माणूस प्रामाणिक, पैसे सगळे आले, फक्त नाताळपर्यंत थांबावं लागलं. शब्द देताना मागे कोणीतरी आहे, त्याला विचारायचं असतं, ही सवय त्यांना नव्हती, आणि भागीदारीत मला तीच हवी होती. आजही ते माझा माल हॉटेलांना कमिशनवर देतात आणि दोघांचं छान चाललंय.

नाताळच्या आधी दुसरं काम केलं ते म्हापशाच्या एका औषध वितरकाकडे ऑर्डरी घेणाऱ्या ताईंबरोबर. त्यांनी 160 पाकिटं सात दुकानांत थोडी थोडी वाटली. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला: "दादा, कळंगुटच्या दुकानातली पाकिटं सादळलीत. तिथली सगळी उचलली, बाकी सहा दुकानांत उद्या सकाळी जाते. तुम्ही तेवढं मशीन बघा." रात्री मी कारखान्यात उरलेली पाकिटं बादलीतल्या पाण्यात बुडवून दाबली. एका बाजूच्या सीलमधून बारीक बुडबुडे येत होते. सीलिंग मशीनची टेफ्लॉनची पट्टी एका टोकाला जळाली होती, तेवढ्या भागात सील धरत नव्हतं. काजूगरात ओलावा पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. हवा लागली की ते मऊ पडतात आणि पुढे खवट होतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताईंनी सातही दुकानांतला संशयित माल बदलून दिला होता आणि कुठून किती उचलला ते वहीत होतं. चूक कोणाची हा विषय त्यानंतर निघाला, तोही चार वाक्यांत संपला.

छोट्या कामात बघायचं ते हे. विक्री किती झाली हा आकडा त्या मानाने कमी सांगतो, कारण सणाच्या तोंडावर काजू कोणीही विकतो. वाईट बातमी किती लवकर येते, ती कोणाकडून येते, आणि सांगणाऱ्याने फोन करण्याआधी काय करून ठेवलेलं असतं, ते लिहून ठेवा. स्वतःबद्दलही लिहा. फोन आल्यावर तुम्ही मशीनकडे गेलात की कारणं देत बसलात, ते समोरचाही बघत असतो. तोही तुम्हाला पारखतोय.

दुसरी गोष्ट मतभेदाची. ताईंना शंभर ग्रॅमचं पाकीट हवं होतं, टॅक्सीस्टँडजवळच्या दुकानांसाठी. मला नको होतं, लहान पाकिटाला किलोमागे पिशवीचा आणि मजुरीचा खर्च जास्त बसतो. त्या म्हणाल्या, "वीस करून बघूया, नाही खपली तर विषय बंद." वीस खपली, पण भाव वाढवल्यावर. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. भांडण मिटवायची ही रीत आम्ही अजून वापरतो. तुमच्या सहा आठवड्यांत एकही मतभेद झाला नाही तर काम फार सोपं निवडलंय असं समजा आणि पुढचं थोडं अवघड द्या.

तुमच्या बाबतीत चाचणी पावसाळ्यात नको. थंड सरबताला मागणी उन्हाळ्याची, आणि कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तुम्ही फळं फोडण्यात बुडालेले असता नेमके तेव्हाच दुकानातून बाटल्यांचे फोन येतात. ती ओढाताण दिसायला हवी. मार्च ते मे धरा. आगळ मिठामुळे टिकतं, तेव्हा गेल्या हंगामातलं आगळ हाताशी असेल तर मार्चमध्ये त्यावर सुरुवात करा, ताजं सरबत मेमध्ये जोडा. एफएसएसएआय नोंदणी आणि लेबल तुमच्याच नावावर राहू दे. आणि दुकानदाराला बाटली फुगली किंवा झाकणातून गळली तर ती कोण बदलून देणार हे पहिल्या दिवशी ठरवा, सरबतात हा प्रसंग येतोच.

चाचणीचा एक पानी कागद करा. त्यात मुदत, कमिशन, खर्च, दुकानांची यादी आणि आगळ-सरबताची कृती कोणाच्या मालकीची, हे असावं. आणि "ही भागीदारी नाही" असं स्पष्ट लिहा. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार भागीदारी तोंडीही होऊ शकते. लेखी करार नसला तरी दोघांच्या वागण्यावरून ती आहे की नाही ते ठरतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, आणि एका भागीदाराने धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला दुसराही जबाबदार धरला जातो. म्हणून चाचणीत नफ्यात वाटा देऊ नका, कमिशन द्या.

सहा आठवड्यांत सगळं दिसत नाही हेही खरं. मोठी रक्कम हातात आली की माणूस कसा वागतो, सलग दोन हंगाम तोट्यात गेले तर टिकतो का, हे एवढ्याशा कामातून कळत नाही. म्हणून आम्ही लगेच सही केली नाही. पुढचा अख्खा हंगाम कमिशनवरच केला, माल मोठा आणि उधारीची मर्यादा त्यांच्या हातात. मग वकिलाकडे गेलो. हिस्सा एकदम दिला नाही, चार वर्षांत तो मिळत जातो, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी कोणी सोडलं तर काहीच मिळत नाही. कंपनी असो वा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करारात हे घालता येतं.

गोव्यात आणखी एक बघावं लागतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे दोघांची मिळून असते, आणि अशा जोडप्याचं धंद्याचं उत्पन्न आयकरातही दोघांत अर्धं अर्धं धरलं जातं. तुमची बागायत गहाण ठेवून कर्ज काढायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे वकिलाकडे जाण्याआधी दोन्ही घरच्या जोडीदारांना एकत्र बसवा आणि तो कागद मोठ्याने वाचा. आमच्याकडे माझ्या बायकोने एकच प्रश्न विचारला, ताई आजारी पडल्या तर दुकानं कोण फिरणार? तो कलम म्हणून करारात गेला.