स्वयंपाकघरात कोणते सॉकेट घ्यावे: 6 अँपिअर की 16?

प्रश्न: फ्लॅटचे वायरिंग नव्याने करत आहोत. स्वयंपाकघरात मॉड्युलर सॉकेट 6 अँपिअरचे घ्यावेत की 16 चे, आणि प्लेट कधी ठरवावी?

उत्तर: ओट्यावर इंडक्शन आणि मायक्रोवेव्हसाठी प्रत्येकी 16 अँपिअरचे सॉकेट व तितक्याच क्षमतेचा स्विच घ्यावा, मिक्सरला 6 अँपिअर पुरेसे आहे, आणि प्लेट मात्र भिंत फोडण्यापूर्वीच ठरवावी. वॅटला 230 ने भागले की अँपिअर मिळतात: 750 वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतो, तर 2000 वॅटचे इंडक्शन जवळजवळ 9 घेते. तेच 6 अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडाप्टर लावून रोज चालवले, तर प्लग गरम लागू लागतो आणि छिद्रांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडते.

प्लेट आधी ठरवण्याचे कारण असे की भिंतीत बसणारा बॉक्स मॉड्युलच्या संख्येप्रमाणे येतो. बहुतेक मालिकांत स्विचला एक आणि सॉकेटला दोन मॉड्युल लागतात. म्हणजे 16 चा एक संच आणि 6 चा एक संच मिळून सहा मॉड्युल झाले. 8 मॉड्युलची प्लेट आडवी आणि चौकोनी अशा दोन्ही आकारांत मिळते व त्यांचे बॉक्स वेगळे असतात. वरचे रंगीत कव्हर पुढे त्याच मालिकेत बदलता येते, पण एका कंपनीचे स्विच दुसऱ्या कंपनीच्या प्लेटमध्ये सहसा बसत नाहीत.

मात्र मागे जुनी 1.5 चौरस मिलिमीटरची तार तशीच ठेवून पुढे 16 चे सॉकेट बसवू नये. तिथे किमान 2.5 ची, आणि बोर्डापासूनचे अंतर लांब असल्यास 4 ची स्वतंत्र तार ओढून घ्यावी.