हरवलं नव्हतं, दिलं होतं

"मावशी, मी खानापूरची. भावाकडे दिल्लीला जाताना गोवा एक्सप्रेसमध्ये समोरच्या बर्थवर एक अनोळखी गृहस्थ होते. दिवसभर वाचत बसलो, मग पुस्तकं बदलली. ते भोपाळला उतरले तेव्हा माझं पुस्तक त्यांचं वाचून व्हायचं होतं, म्हणून त्यांनाच दिलं. त्यांचं माझ्याकडे राहिलं. (माझं वाचनालयाचं होतं. हरवलं म्हणून सांगून किंमत भरली.) यावर कथा लिहिली, त्यात नायिकेचं पुस्तक विकतचं केलं. 'गोड आहे, पण काही घडत नाही' म्हणत संपादकांनी परत पाठवली. नवरा वाचून गप्प आहे. गृहस्थांच्या जागी बाई करू का?"

ताई, बाई करू नका. त्यानं कथा सुधारणार नाही आणि घरचा अबोलाही सुटणार नाही.

मला राग आलाय तो तुम्ही कंसात टाकलेल्या ओळींचा. अख्खी कथा तिथे आहे आणि तीच तुम्ही गाळली! विकतचं पुस्तक देऊन टाकलं तर नायिकेचं जातं काय? संपादकांना काही घडताना दिसलं नाही ते म्हणूनच. वाचनालयाचं पुस्तक मात्र तिचं नव्हेच. आत शिक्का, मागं चिकटवलेल्या कागदावर परतीची तारीख. ते देणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू देणं.

तो शिक्का वाचकाला लवकर दिसू द्या. बेळगाव सोडून मिरज यायच्या आत तिनं ती तारीख एकदा पाहिली, एवढं पुरे. थेट भोपाळला सांगितलंत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. मग पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा तो लांबलचक दिवस. तिथल्या गप्पा कापा. समोरचा गृहस्थ किती पानांवर आलाय हे तिला अधूनमधून चोरून पाहू द्या. भोपाळ जवळ येतं, चाळीसेक पानं उरलेली असतात आणि तो पुस्तक मिटून तिच्यापुढे धरतो. तिनं ते घेतलं तर कुणी नावं ठेवणार नाही. इथे घाई करू नका. घेता येत असताना ती घेत नाही, हीच तुमच्या कथेतली घटना. त्यानं मागितलं आणि तिनं दिलं असं केलंत, तर ती नुसती भिडस्त ठरेल.

फलाटावरचा निरोप, हात हलवणं, सुटणारी गाडी, सगळं काढून टाका. गाडीतून थेट खानापूरला वाचनालयाच्या टेबलापाशी या. तिथला माणूस रजिस्टर उघडून विचारतो, "पुस्तकाचं काय झालं?" ती म्हणते, "हरवलं." का म्हणते ते समजावत बसू नका. तिला पैसे मोजू द्या, पावती घडी घालून पर्समध्ये ठेवू द्या. खरं सांगितलं असतं तरी भरपाई तेवढीच पडली असती, हे वाचकाच्या आपोआप ध्यानात येईल. आणि मग तो विचार करायला लागेल, की हिनं ते का सांगितलं नाही.

घरीही तुम्ही 'हरवलं' असंच सांगितलं असणार. तेव्हा आज रात्रीच हा टेबलाजवळचा प्रसंग लिहायला बसा आणि संपादकांकडे धाडण्याआधी नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवा.