फरक नऊने भागून बघ

*ताई, या महिनाअखेरीस बँकेतून क्लार्क म्हणून निवृत्त होतोय. शाखेच्या ग्रुपवर टाकायला निरोपाचं लिहिलं, ते दोन पानी झालं. सुरुवात अशी: "या वटवृक्षाच्या छायेत ३४ वर्षं कशी सरली कळलंच नाही. कठीण प्रसंगी सर्वांनी मोलाची साथ दिली. कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व." पुढे २२ जणांची नावं. मुलगी म्हणते, हे कुणाच्याही निरोपाला चालेल. काय करू?*

*ता. क. नवीन असताना एकदा कॅश नऊशेने कमी भरली. घाम फुटला. हेडकॅशियर घरी निघाले होते, पिशवी खाली ठेवून म्हणाले, "फरक नऊने भागून बघ." जमेची स्लिप ४५०० ची, मी वहीत ५४०० लिहिले होते. हे लिहिण्यासारखं आहे का?*

अहो, तेवढंच लिहिण्यासारखं आहे! बाकी दोन पानं बाजूला ठेवा.

शेजारी शेजारी असलेले दोन आकडे उलटे पडले की फरक नऊच्या पटीत येतो, हे काउंटरवर बसलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. ते वाक्य वाचताच तुमच्या ग्रुपवर दहा जण स्वतःची अशी एक संध्याकाळ आठवतील. "मोलाची साथ" वाचून कुणाला काय आठवणार? आणि ती पिशवी मुळीच गाळू नका. माणूस घरी निघाला होता आणि थांबला, हे तिच्यामुळेच दिसतं.

२२ नावांची यादी मात्र धोक्याची. तेविसावा राहिला, की तो तेवढंच लक्षात ठेवतो. हेडकॅशियरांचं नाव घाला, बाकीच्यांना त्यांच्या कामावरून हाक मारा. चूक तुमची स्वतःची आहे म्हणून ती खुशाल सांगा. दुसऱ्या कुणाची असती तर आधी त्यांना विचारा म्हटलं असतं. खातेदारांची नावं, खात्यांचे किस्से तर गमतीनेही नकोत. ग्रुपवरचा मजकूर कुठवर जाईल, सांगता येत नाही.

राहिलं "क्षमस्व". खरंच कुणाशी बिनसलं असेल तर त्यांच्या टेबलापाशी जाऊन बोला. ग्रुपवरची घाऊक माफी नेमकी त्यांनाच बोचते.

मी असं लिहीन:

"मित्रहो, उद्या माझा शेवटचा दिवस. नवा होतो तेव्हा एकदा माझी कॅश नऊशेने कमी भरली. हेडकॅशियर साहेब घरी निघाले होते. पिशवी खाली ठेवून म्हणाले, 'फरक नऊने भागून बघ.' ४५०० चे मी ५४०० लिहिले होते. त्यानंतर ताळा जुळेना की मी आधी नऊने भागतो. काउंटर, क्लिअरिंग, लॉकर, तुम्ही सगळ्यांनी मला असंच कधी ना कधी सोडवलंत. जुन्या लेजरचं काही अडलं तर फोन करा, कोणतं कुठल्या कपाटात आहे ते पाठ आहे."

शेवटचं वाक्य खरं नसेल तर काढा. खरं असेल तर "संपर्कात राहू" लिहायची गरज नाही.